बफरमध्ये वजा एक

आमच्या लॅबमध्ये दिवसभर एक वाक्य ऐकू यायचं, ‘पुन्हा रन कर.’ प्रोग्राम अडकला, पुन्हा रन कर. भलतंच काहीतरी छापलं, पुन्हा रन कर. बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत सगळं सुरळीत व्हायचं, आणि मग पहिल्या फेरीत काय झालं होतं याची चौकशी कोण कशाला करील?

पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात मी तेव्हा कंत्राटी लेक्चरर होते. राहायला रोडपालीला. मुलं खारघरच्या टॉवरांतून यायची, तशी उरणच्या खाडीकाठावरूनही यायची. एस.टी. चुकली की उरणची मुलं पहिलं लेक्चर बुडवायची आणि दारात उभं राहून इतक्या भोळ्या चेहऱ्याने ‘मे आय कम इन’ म्हणायची, की रागवायचं मनात असूनही मला हसू यायचं.

त्या वर्षी लॅबमध्ये अर्धी मशीनं नवीन आली होती, दोन कोरवाली, म्हणजे एकाच वेळी खरोखर दोन कामं करणारी. उरलेली अर्धी जुनी, एका कोरची, पंख्याचा घरघराट करणारी. मुलं सकाळी धावत येऊन नवीन मशीनं पटकावायची. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला एक प्रयोग असायचा, प्रोड्यूसर आणि कंझ्यूमरचा. मी तो शिकवायचे आणि मनापासून आवडीने शिकवायचे. एक बनवणारा, एक खाणारा. मधे पाच खणांचा डबा, त्याला म्हणायचं बफर. बनवणारा एकेक आकडा खणात ठेवतो, खाणारा एकेक उचलतो. डबा भरला तर बनवणाऱ्याने थांबायचं, रिकामा असला तर खाणाऱ्याने. आणि एका वेळी डब्याला एकानेच हात लावायचा, म्हणून एक कुलूप. ज्याच्या हातात कुलूप त्याचा डबा.

यातली खरी गंमत थांबण्यात असते. खाणारा कुलूप हातात घेऊन बघतो तर डबा रिकामा. आता तो कुलूप धरूनच बसला तर बनवणाऱ्याला डब्यापर्यंत पोचताच येणार नाही, दोघेही जन्मभर अडकले. म्हणून पीथ्रेड या लायब्ररीने कंडिशन व्हेरिएबल नावाची सोय दिली आहे. खाणारा तिच्यावर ‘वेट’ करतो, म्हणजे एकाच दमात कुलूप सोडतो आणि झोपी जातो. बनवणारा माल ठेवून ‘सिग्नल’ देतो, त्याने झोपलेला जागा होतो, कुलूप पुन्हा मिळवतो आणि मगच पुढे सरकतो. डबा भरल्यावर बनवणाऱ्यासाठी अशीच दुसरी सोय.

हे सगळं आमच्या लॅब मॅन्युअलमध्ये सुबक छापलेलं होतं. मॅन्युअल विभागप्रमुख सरांनी स्वतः लिहिलं होतं. सर कडक, पण माणूस वाईट नव्हता. मुलांच्या फाइलमधली प्रत्येक ओळ ते खरोखर वाचायचे, आणि असं वाचणारा दुसरा प्राध्यापक मी पाहिलेला नाही. मॅन्युअलमध्ये प्रोग्राम होता, आणि खाली त्याचं आउटपुटही छापलं होतं. पोरं काय करणार? तेच आउटपुट सुवाच्य अक्षरात फाइलमध्ये उतरवून काढायची.

एकीने मात्र उतरवलं नाही. ती उरणजवळच्या कोळीवाड्यातली. बाप बोटीवर, आई मासळी विकणारी. वर्गात फारसं बोलायची नाही, पण एकदा डोक्यात काही शिरलं की सुटायची नाही. टर्मवर्क जमा करायच्या आदल्या दिवशी ती फाइल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

“मॅडम, सर सही करत नाहीत.”

आउटपुटच्या पानावर तिने नवीन मशीनवर आलेलं जसंच्या तसं लिहिलं होतं. अकरा, बारा, आणि बाराच्या पाठोपाठ पुन्हा आठ. डब्यात शिल्लक किती, तर वजा एक. त्याखाली वजा दोन. सरांनी लाल पेनाने गोल करून शेरा मारला होता, आउटपुट चूक, पुन्हा रन करून लिहिणे.

“मग कर की पुन्हा रन,” मी म्हणाले. सवयीने तोंडातून तेच आलं.

“केलं ना. मग बरोबर आलं. पण मॅडम, पहिल्यांदा वजा एक आलंच कसं? डब्यात काहीच नाय, त्याच्याहून कमी कसं असेल?”

तिची बोली अशी अधूनमधून निसटायची, विशेषतः प्रश्न खरा असला की. मी पान पुन्हा पाहिलं. आठ हा आकडा वर एकदा खाल्ला गेला होता. म्हणजे खाणाऱ्याने आधीच रिकाम्या झालेल्या खणातलं शिळं पुन्हा खाल्लं होतं. मॅन्युअलच्या प्रोग्राममध्ये तिने केलेला बदल एकच, एका खाणाऱ्याऐवजी दोन खाणारे. तोही मॅन्युअलमध्येच शेवटी ‘विद्यार्थ्यांनी करून पाहावे’ म्हणून लिहिलेला. करून पाहणारी बहुधा ही पहिलीच.

खरं सांगते, मलाही कळेना. आणि कळेना म्हटल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पण तिच्यापुढे किड्याहून मोठी अडचण होती. उद्या संध्याकाळपर्यंत सही नाही तर टर्मवर्क नाही, टर्मवर्क नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं. मैत्रिणी तिला सांगत होत्या, अगं दुसऱ्या फेरीचं लिही आणि मोकळी हो. मीही तेच सांगितलं.

“दुसऱ्या फेरीचं लिहिते मॅडम, माझी ना नाय. पण आधी कळू दे काय झालं ते. न कळता पान फाडायचं कसं?”

आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं अगदी रास्त वाटणारं होतं. डबा रिकामा असला तरच खाणारा झोपतो. माल आला तरच त्याला सिग्नल मिळतो. मग जाग आली याचा अर्थ माल आहे. पुन्हा बघायचं कशाला?

“सर,” ती म्हणाली, “माझ्या आईला धक्क्यावरून फोन येतो, बोट आली म्हणून. आई पोचेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी माल उचललेला असतो कधी कधी. म्हणून आई आधी टोपलीत बघते. फोन आला म्हणजे मासळी हाय असं नाय.”

“हा काही मासळी बाजार नाही,” सर म्हणाले. “हा प्रोग्राम आहे. आणि ती नवीन मशीनं आल्यापासून रोज काहीतरी चाललंय. जुन्या मशीनवर दाखव मला, मी सही करतो.”

तिने फाइल मिटली. मला सरांचा संताप आला, तोंडावर बोलता आलं नाही म्हणून जास्तच. पण बाहेर आल्यावर तिचा चेहरा पाहिला तर ती रडवेली वगैरे काही नव्हती.

“सर बोलले जुन्यावर दाखव,” ती म्हणाली. “म्हणजे दाखवलं तर सही.”

जुन्या मशीनवर आम्ही तोच प्रोग्राम चालवला. ठीक. पुन्हा चालवला, पुन्हा ठीक. खाणारे दोनाचे चार केले, तरी शहाण्या बाळासारखे वागत होते. कॉम्प्युटरचा मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. बिघडायला हवा तेव्हा नेमका बिघडत नाही.

दुपारची प्रॅक्टिकल्स संपली आणि लॅब रिकामी झाली. लॅब असिस्टंट काका कुलूप लावायला आले, आम्हाला बघून थांबले. मला एकदम सुचलं. म्हटलं, मशीन राहू दे बाजूला, आपणच चालवून बघू. फळ्याचं डस्टर म्हणजे कुलूप. काकांच्या जेवणाच्या डब्याचं झाकण टेबलावर ठेवलं, तो बफर. माझ्या पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या म्हणजे माल. मी बनवणारी, ती पहिली खाणारी, काका दुसरे.

“मी काय करायचं?” काकांनी विचारलं.

“डस्टर हातात आलं की झाकणात बघायचं. गोळी असली तर उचलायची. डस्टर दुसऱ्याकडे असलं तर रांगेत उभं राहायचं.”

“एवढंच ना,” म्हणून काका दाराशी जाऊन उभे राहिले.

तिने डस्टर घेतलं, झाकणात बघितलं, रिकामं. डस्टर खाली ठेवून खुर्चीत डोळे मिटून बसली. मी डस्टर उचललं आणि झाकणात गोळी ठेवली. तेवढ्यात काका आले आणि डस्टरसाठी माझ्यामागे उभे राहिले. मी तिच्या खांद्यावर टिचकी मारली. ती उठली, पण काका आधी आलेले, म्हणून त्यांच्या मागे उभी राहिली. मी डस्टर ठेवलं. काकांनी ते घेतलं, गोळी दिसली, उचलून सरळ तोंडात टाकली आणि डस्टर ठेवलं. तिने डस्टर घेतलं, मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे न बघता झाकणात हात घातला, आणि हात तसाच झाकणात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

“वजा एक,” ती म्हणाली.

आम्ही दोघी इतक्या जोरात हसलो की काका गोंधळले. त्यांना वाटलं, गोळी खायची नव्हती.

टिचकी आणि डस्टर यांच्यामधे जागा होती. सिग्नल मिळाला तेव्हा माल होता, यात काहीच खोटं नव्हतं. पण जागा झालेल्याला कुलूप मिळेपर्यंत तिसरा कोणी येऊन माल नेऊ शकत होता. आणि मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं ‘इफ’. डबा रिकामा आहे का, हे एकदाच बघायचं, झोपायच्या आधी. उठल्यावर नाही. खाणारा एकच असला तर मधे घुसायला कोणी नसतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं. आणि एकदा शिल्लक वजा झाली की पुढे विचारूच नका. ‘शून्य आहे का’ याचं उत्तर ‘नाही’ येतं, म्हणून प्रत्येक खाणारा न थांबता नसलेलं खात सुटतो. तिच्या पानावरचं वजा दोन तिथून आलं होतं.

“पण मग मशीनवर का नाय दिसत?” तिने विचारलं. मग स्वतःच पडद्याजवळ वाकली. “मॅडम, हे स्लीप बघा कुठं टाकलेत.”

आउटपुट सावकाश दिसावं म्हणून मॅन्युअलमध्ये सगळ्यांनाच सेकंद-सेकंद झोपवलं होतं, पण कुलूप सोडल्यानंतर. दोन कोरांवर क्वचित दोघे एकाच क्षणी येऊन थडकायचे, पण जुन्या मशीनवर रांगच लागायची नाही. एकजण डब्यापाशी आला की बाकीचे लांब घोरत पडलेले. आमच्या नाटकात मात्र मी डस्टर हातात धरून वेळ काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या एस.टी.च्याही आधीच्या गाडीने आली. आम्ही प्रोग्राममधलं एकही वाक्य बदललं नाही, फक्त झोप हलवली. पहिला खाणारा आधी सोडायचा, मग बनवणारा, मग उशिरा दुसरा खाणारा. बनवणाऱ्याने माल ठेवून कुलूप हातात असतानाच डुलकी घ्यायची, म्हणजे दुसरा येऊन रांगेत उभा राहील. मग सिग्नल. चालवला, आणि सगळं ठीक. मी कपाळावर हात मारला.

“त्याला उठून रांगेत यायला वेळ द्या ना,” ती म्हणाली. “काल मी काकांच्या मागे उभी राहिल्यावरच तुम्ही डस्टर ठेवलंत.”

तिने सिग्नलनंतर, कुलूप सोडायच्या आधी, आणखी एक स्लीप टाकला. चालवला. दुसऱ्या खाणाऱ्याने खाल्लं एक. पहिल्याने खाल्लं शून्य. शिल्लक वजा एक.

शून्य हा आकडा कोणी बनवलाच नव्हता. रिकाम्या खणात सुरुवातीपासून जे पडलेलं असतं ते शून्य. मी उठून लॅबमध्ये एक चक्कर मारून आले, बसवेनाच.

दुपारी सर आले. सर्वांत जुन्या मशीनसमोर बसले, ज्याचा पंखा सर्वांत जास्त ओरडायचा. तिने एंटर दाबलं. एक. शून्य. वजा एक, वजा दोन, वजा तीन.

सर म्हणाले, “पुन्हा रन कर.”

तिने पुन्हा केलं. तेच. आणखी एकदा. तेच.

“तुम्ही लॉक धरून झोपवलंय,” सर म्हणाले. “असं कोण लिहील?”

मला बोलायचं होतं, पण तिने मला बोलू दिलं नाही. “कोणी नाय लिहिणार सर. पण झोपल्यामुळे प्रोग्राम फक्त हळू व्हायला पाहिजे. चुकायला नको ना?” मग तिने दोन्ही ठिकाणचं ‘इफ’ काढून ‘व्हाइल’ लिहिलं. म्हणजे उठल्यावर पुन्हा बघ, रिकामं असेल तर पुन्हा झोप. झोपा सगळ्या होत्या तिथेच ठेवल्या. चालवला. एक. दुसऱ्या खाणाऱ्याने एक खाल्लं, पहिला उठला, डबा बघून निमूट परत झोपला, आणि दोन आल्यावर त्याने दोन खाल्लं. शिल्लक शून्याच्या खाली गेली नाही.

सर पुढे वाकून आकडे पुन्हा वाचायला लागले. मला वाटलं आता काहीतरी खुसपट काढणार, आणि मीही भांडायच्या तयारीत होते. पण त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. आमच्यासारखाच झाला होता, काल झाकणात हात घातल्यावर झाला होता तसा.

“म्हणजे सिग्नल फक्त सांगतो की जाऊन बघ,” ते हळूच म्हणाले. “माल आहे असं सांगत नाही.”

“हो सर.”

“टोपलीत बघायचं.”

 मला तिच्यासाठी इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पंख्याच्या धुळीवर ढकललं.

सरांनी फाइल मागितली. लाल गोल केलेलं पान उघडलं, पेन काढलं, पण सही करेनात. बारानंतरच्या आठवर त्यांचं बोट थांबलं होतं.

“दोन खाणारे करून पाहा असं मीच लिहिलंय,” ते म्हणाले. “नवीन मशीनं आल्यापासून किती तरी पोरांनी केलं असेल. मग आजवर एकालाही वजा एक दिसला नाही?”

“दिसला असेल सर,” ती म्हणाली. “मॅन्युअलशी जुळला नाय म्हणून पुन्हा रन केलं असेल.”

तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. सरांनी मान खाली घातली. मग आपलाच लाल शेरा एका रेघेने खोडला, पान तसंच ठेवलं आणि त्याच्याखाली सही केली. तिने फाइल छातीशी धरली, दोघांना थँक्यू म्हणाली आणि उरणची एस.टी. गाठायला पळत सुटली.

पुढच्या बॅचच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सर स्वतः लॅबमध्ये आले. नवीन मॅन्युअल वाटलं. प्रोग्राममध्ये ‘व्हाइल’ होता. प्रयोगाखालची आउटपुटची जागा त्यांनी कोरी सोडली होती. एका मुलाने हात वर करून विचारलं, सर, आउटपुट छापायचं राहिलंय का?

“राहिलं नाही,” सर म्हणाले. “तुझं जे येईल ते लिही. भलतंच काही आलं तर पुन्हा रन करू नकोस. आधी मला हाक मार.”